साडेसात टक्के

सिताराम सर ताडकळसच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तरी त्यांची तपासणी करायची खोड काही सुटली नव्हती. लग्नाची पत्रिका हातात आली तरी आधी शुद्धलेखन बघायचे. वीजबिल आले की युनिट मोजायचे. त्यामुळे मुलगी नोकरीचा अर्ज भरत असताना ते शेजारी खुर्ची ओढून बसले नसते तरच नवल.

निकिता बी.एस्सी. ॲग्री. चार वर्षे घासून पहिल्या वर्गात पास झालेली आणि त्यानंतर गावातल्या कृषी सेवा केंद्रात बियाण्यांची बिले फाडणारी. पाच जागी अर्ज करून झाले होते, पाचही वाया गेले होते. आता एका सरकारी योजनेत कंत्राटी तालुका समन्वयकाची भरती निघाली होती. परीक्षा नाही, मुलाखत नाही, पदवीच्या टक्केवारीवर थेट गुणवत्ता यादी. अनुसूचित जातीच्या महिलांना दोन जागा. "ही न्हाई लागली तर मी नाद सोडते," असे तिने आईला सांगून ठेवले होते, आणि निकिता उगीच बोलणाऱ्यातली नव्हती.

अर्जात एक चौकट होती, पदवीची टक्केवारी. तिच्या गुणपत्रकावर टक्के नव्हतेच. सीजीपीए होता, ७.४२.

"आमच्याकडं दहानं गुणतेत, पप्पा," निकिता म्हणाली. "चौऱ्याहत्तर पॉइंट वीस."

"लिहून दिलंय का कुनी?"

"सगळे तसंच भरायलेत."

"सगळे!" सरांनी चष्मा वर ढकलला. "सिद्धोधनचं काय झालं ते ठाऊक हाय ना?"

सिद्धोधन त्यांचा पुतण्या, इंजिनिअर. त्याच्या विद्यापीठात सीजीपीएमधून आधी पाऊण वजा करायचा आणि मग दहाने गुणायचे. त्याने पाऊण वजा न करता अर्ज भरला, कागदपत्रे तपासताना टक्केवारी कमी निघाली आणि खोटी माहिती दिली म्हणून त्याला बाहेर काढले. तो बाहेर पडताना मागून कुणीतरी म्हणाले होते, ह्यांना सवलत असून वर खोटंही लागतं. ते वाक्य सिद्धोधन विसरला असेल, सर विसरले नव्हते. नोकरीभर त्यांनी हाच एक हट्ट धरला होता, की आपल्या माणसाकडे बघून असे बोलायची संधी कुणाला मिळू नये.

"विद्यापीठातून समतुल्यतेचं प्रमाणपत्र आणू, अन् मंग भरू," निकिता म्हणाली.

पण अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. प्रमाणपत्र म्हणजे अर्ज, फीची पावती, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रकांच्या झेरॉक्स आणि वर काही दिवसांची वाट. जाहिरातीत तर स्पष्ट लिहिले होते, विद्यापीठाच्या सूत्राने टक्केवारी भरा, प्रमाणपत्र पडताळणीच्या वेळी दाखवा. निकिताने मैत्रिणीला फोन लावून विचारते म्हटले. सरांनी मोबाइल तिच्या हातातून हळूच काढून घेतला.

"कमी भरल्यानं कुनी जेलात घालत न्हाई, बाळा. जास्त भरलं तर भाईर काढतेत. पाऊण वजा कर."

तिने त्यांच्याकडे बघितले. मग चौकटीत ६६.७० लिहिले आणि अर्ज पाठवून दिला. त्या रात्री सर शांत झोपले.

यादी लागली. प्रत्येक जागेला तिघी या हिशेबाने सहा जणींना पडताळणीला बोलावले होते, त्यात निकिता पाचवी. पहिलीला बहात्तर टक्के, दुसरीला एकाहत्तर. वरच्या चौघींपैकी तिघी गळल्याशिवाय तिला जागा मिळणार नव्हती, आणि तशा गळतात थोड्याच. तरी प्रमाणपत्र तर हवेच होते. सर स्वतः परभणीला विद्यापीठात गेले, परीक्षा विभागात अर्ज दिला, आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा एसटीने जाऊन खिडकीशी उभे राहिले.

बन्सीधर नावाच्या लिपिकाने शिक्का मारलेला कागद पुढे सरकवला. सरांनी तो वाचला. पुन्हा वाचला. दहा पॉइंटच्या श्रेणीत ७.४२, समतुल्य टक्केवारी ७४.२०.

"साहेब, पाऊण वजा करायचं राहिलंय का ह्याच्यात?"

"ते इंजिनिअरिंगवाल्यांचं, सर. काही विद्यापीठं करतात. आपल्याकडं सरळ दहानं गुणायचं, पहिल्यापासून. सूत्र खाली छापलंय बघा."

सरांना आधी लाज वाटली, आणि मग लगेच असा आनंद झाला की ती लाज कुठल्या कुठे गेली. चौऱ्याहत्तर! म्हणजे पोरगी पाचवी नव्हती, पहिली होती. शिक्क्याच्या कागदापुढे अर्जातला आकडा तो काय टिकणार? स्टेशन रोडवर त्यांनी पेढे घेतले. घरी पोचताच बायकोच्या हातावर पेढा ठेवून त्यांनी पोरगी पहिली असल्याचे तेवढे सांगितले. सत्यशीलाबाईंनी तो पेढा बुद्धांच्या मूर्तीपुढे ठेवला. निकिताने कागद घेतला, आकड्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "पप्पा, चालंल का हे?"

"न चालायला काय झालं? सरकारी शिक्का हाय."

पडताळणीला बापलेक दोघे गेले. टेबलामागे राजनंदिनी मॅडम होत्या. बोलायला मऊ, चेहऱ्यावर थकवा. त्यांनी प्रमाणपत्र बघितले, संगणकावर अर्ज बघितला आणि भुवया उंचावल्या.

"तुम्ही कमी भरलंय?"

"हो मॅडम," सर पुढे झाले. "चूक माझी. पण खरे गुण हे आहेत. पहिल्या उमेदवारापेक्षा जास्त आहेत."

"सर, इथं जास्त भरून आलेले रोज बघते. कमी भरून आलेलं हे पहिलंच प्रकरण." मॅडमनी जाहिरात उघडून त्यांच्याकडे वळवली. प्रमाणपत्रावरची टक्केवारी अर्जापेक्षा कमी असल्यास उमेदवारी रद्द. जास्त असल्यास अर्जातील टक्केवारीच ग्राह्य. दोन्ही वाक्ये एकाखाली एक होती. अर्ज भरताना सरांनी पहिले वाक्य तीनदा वाचले होते. दुसऱ्याची भीती नव्हती, म्हणून त्यावरून नजर फिरवून ते पुढे गेले होते.

"आणि वरच्या चौघी?"

"सकाळीच झाल्या. सगळ्यांचे कागद बरोबर आहेत." मॅडमनी एक छापील कागद निकितापुढे ठेवला. "अर्जातली टक्केवारी मान्य आहे, एवढं लिहून सही करा. नियमच आहे, माझ्या हातात काही नाही."

भांडायला समोर कुणी वाईट माणूस असता तर सर भांडले असते. पण इथे सगळेच नियमाने वागले होते, आणि सर्वांत जास्त ते स्वतः. निकिताने पेन घेतले, ६६.७० लिहिले, सही केली. अक्षर नेहमीसारखेच सुरेख आले. सरांनी पाटीवर गिरवून घेतलेले अक्षर.

बाहेर जिन्यातच फोन वाजला. सत्यशीलाबाईंचा होता. सरांच्या हातातला मोबाइल नुसता वाजत राहिला, तेव्हा निकिताने तो घेतला.

"न्हाई झालं, आई... आगं, टक्केवारी चुकली अर्जात... न्हाई, मीच भरला होता ना. पप्पा सांगायलेच होते की विद्यापीठात विचारून भर म्हनून. मीच गडबड केली."

पलीकडून सत्यशीलाबाईंचा आवाज चढला. घाई, निष्काळजीपणा, एवढं शिकवून काय उपयोग, सगळे सरांना ऐकू येत होते. निकिता मान खाली घालून "हो आई, हो" म्हणत होती. सरांना फक्त हात पुढे करून फोन घ्यायचा होता.

त्यांनी घेतला नाही. पोरीच्या बाजूला, फायली छातीशी धरून, ते तिचे बोलणे संपेपर्यंत उभे राहिले.