कांद्यांमागे सहा मशिनी

बुधवारी सकाळी महापेच्या कंपनीतून फोन आला. निशिगंधा तेव्हा सहा बायकांना कापडाचे तुकडे वाटून देत होती.

"मॅडम, तुमचा जीएसटी नंबर सस्पेंड दाखवतोय. सिस्टम तुमचं बिल घेणार नाही."

"कसं शक्य आहे? मी एकही रिटर्न चुकवलेला नाही."

"ते मला माहीत नाही, पोर्टलवर दिसतंय ते सांगतोय. महिनाअखेरपर्यंत ॲक्टिव्ह झाला तर ठीक. नाहीतर वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला जाईल. दुसरा तयारच आहे."

दुसरा नेहमीच तयार असतो. निशिगंधाने फोन ठेवला. दरमहा चार हजार जोड हातमोज्यांचं ते कॉन्ट्रॅक्ट होतं. त्याच्या भरवशावर तिने दोन महिन्यांपूर्वी दोन मशिनी वाढवल्या होत्या आणि दोन बायका कामावर घेतल्या होत्या. कॉन्ट्रॅक्ट गेलं तर त्या दोघींना आधी घरी पाठवावं लागणार होतं.

घणसोली गावात यशोदाबाईंच्या घराच्या तळमजल्यावर तिचं हे काम चाले. लातूरकडून आलेली निशिगंधा गेली सात वर्षं इथेच होती, यशोदाबाईंना मावशी म्हणायची आणि भाडं पाच तारखेच्या आत द्यायची. या गल्लीत एवढं केलं की माणसाला घरचं समजतात.

तासाभरात ती कोपरखैरण्याला हौसेरावांच्या ऑफिसात पोचली. हौसेराव साताऱ्याचे, करसल्लागार. तीस वर्षं लोकांची रिटर्न भरत होते आणि तेवढीच वर्षं लोकांना चिडवत होते. त्यांनी पोर्टल उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"नोटीस सोमवारची आहे ताई. मेल तुमच्याच पत्त्यावर आलाय. बघितला नाहीत?"

"सर, मावशींच्या मिथुनचं लग्न होतं. आमची अख्खी गल्ली चार दिवस झोपेत होती."

"सरकार जागं होतं. उत्तराला सात कामकाजाचे दिवस, त्यातले दोन तुम्ही झोपेत काढलेत. पाच उरले." त्यांनी नोटीस वाचली. "मागच्या बुधवारी निरीक्षक जागेची प्रत्यक्ष पाहणी करायला आला होता. नोंदवलेल्या जागी व्यवसाय चालू आढळला नाही, असा अहवाल दिलाय. म्हणून नोंदणी स्थगित, आणि रद्द का करू नये म्हणून विचारणा. सोबत फोटोही लावलाय."

फोटो उघडला. निशिगंधाची खोली होती, पण मशीन एकही दिसत नव्हती. मध्ये कमरेएवढी कांद्यांची रास, तिच्याशेजारी तीन मोठी पातेली आणि मसाला वाटणारा एक उघडा माणूस. दारावरच्या पाटीच्या जागी झेंडूचं तोरण.

"कशाचे हातमोजे शिवता म्हणालात?" हौसेराव म्हणाले. "कांद्याच्या सालीचे?"

"हळद होती सर! बुधवारी हळद होती!"

मग सगळा उलगडा झाला. गावातली रीतच अशी, की घरमालकाकडे हळद असली की खालच्या भाडेकरूने खोली मोकळी करून द्यायची. कोणी मागत नाही, कोणी नाही म्हणत नाही. निशिगंधाने आदल्या दिवशीच मशिनी मागच्या भिंतीला लावून ताडपत्रीने झाकल्या होत्या. मंडपाची कमान आडवी येते म्हणून मंडपवाल्याने पाटी काढून वरच्या पोटमाळ्यावर टाकली होती. भिंतीवरचं नोंदणीचं सर्टिफिकेट मसाल्याच्या धुराने खराब होऊ नये म्हणून तिने स्वतः कपाटात ठेवलं होतं. कामाच्या बायका तर करवल्यांच्या मागे नाचत होत्या. सरकारने तारीख तरी किती शोधून काढावी!

"मी असं म्हणू का सर, की कोणी आलंच नव्हतं?"

"म्हणा ना. फोटो काय कांद्यांनी काढला?" हौसेरावांनी कागद पुढे ओढला. "खोटं बोललं की ते लक्षात ठेवावं लागतं, आणि माझं वय झालंय. जे झालं ते तसंच लिहू. आणि एक सांगतो, नोंदणी स्थगित आहे तोवर एकही करपात्र विक्री नाही, एकही टॅक्स इनव्हॉइस नाही. कंपनीवाला म्हणेल, माल नुसत्या डिलिव्हरी चलनावर पाठवून द्या, बिल नंतर. तुम्ही पाठवायचा नाही."

कंपनीवाला संध्याकाळी अगदी तेच म्हणाला. निशिगंधाने नाही सांगितलं, आणि तयार माल खोलीतच थप्प्या लावून ठेवला.

त्याआधी ऑफिसातच हौसेरावांनी लागणारे कागद सांगितले. नोंदणीकृत भाडेकरार होता. घरपट्टीची पावती होती. वीजबिल होतं, पण ते यशोदाबाईंच्या दिवंगत यजमानांच्या, देवजींच्या नावावर. म्हणून मृत्यूचा दाखला आणि यशोदाबाईंचं संमतिपत्र हवं. आत्ताचे फोटो हवेत, त्यावर तारीख आणि ठिकाण छापलेलं: पाटी, पाटीवर जीएसटी नंबर, भिंतीवर सर्टिफिकेट, चालू मशिनी, तयार माल. कापड खरेदीची बिलं हवीत, सहा महिन्यांची. आणि लग्नपत्रिका.

"लग्नपत्रिका?"

"हळदीची तारीख त्यावर छापलेली आहे. छापील पुराव्याला कोणी हसत नाही. आणि आणखी एक. निरीक्षकाशी त्या दिवशी कोण बोललं?"

ते शोधायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी हौसेराव घणसोलीला आले तेव्हा यशोदाबाई घराच्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. हौसेराव समोरच्या खुर्चीत टेकले.

"आला होता एक जन. फाईल घेऊन," यशोदाबाई म्हणाल्या. "विचारत होता, हितं कंपनी हाय का? मी बोल्ली, कंपनी-बिंपनी काय नाय, आमचंच घर हाय, लगीन हाय, जेवून जा."

"मावशी! सात वर्षं मी इथे आहे ना!"

"अगं पोरी, फाईलवाल्याला कुनी सांगतं का, कोन राहतं नि काय करतं? परवा समोरच्या पुतळाच्या घराला माप घ्यायला आलेले, तिनं चहा पाजला, सगलं सांगितलं. तिला नोटीस आली. आमच्या गल्लीत फाईल दिसली का एकच उत्तर, हितं कोन नाय."

हौसेराव हसले नाहीत. हे उत्तर त्यांनी या भागातल्या दहा गल्ल्यांत ऐकलं होतं. वर चढवलेल्या दोन मजल्यांची परवानगी कुठे आहे हे देवजींनाही सांगता आलं नसतं, आणि पाडापाडीवाले आधी फाईलच घेऊन येतात.

"यशोदाबाई, तुम्ही दोन ओळी लिहून द्या. तळमजला निशिगंधाताईंना भाड्याने दिलेला आहे, त्या दिवशी हळदीसाठी वापरला होता."

"नाय."

"का?"

"सही केली का घर कागदावर येतं. कागदावर आलं का फाईलवाले येतात."

"मावशी, भाडेकराराला सही आहेच की तुमची, अंगठ्यासकट," निशिगंधा म्हणाली.

"ती मिथुननं करायला लावली. मी काय वाचलं नव्हतं."

"हे कर खात्याचं काम आहे," हौसेराव म्हणाले. "त्यांना इथे हातमोजे शिवले जातात का, एवढंच विचारायचंय. तुमच्या मजल्यांबद्दल या दोन ओळींत काही नाही. पुढे कोणी कधी काय विचारेल याची हमी मी देणार नाही, ती देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही."

यशोदाबाई लसूण सोलत राहिल्या. आतून मशिनींचा आवाज येत नव्हता. बायका आल्या होत्या, पण माल पाठवता येत नाही तर नवा शिवून ठेवायचा कुठे, म्हणून धागे कापत बसल्या होत्या. नव्या दोघींपैकी एक, विमलबाई, दारात आली.

"ताई, आम्ही उद्या येऊ का नको?"

निशिगंधाने फोनवर पोर्टल पुन्हा उघडलं. ती यशोदाबाईंकडे बघतही नव्हती. विमलबाई आत गेली.

"मी सांगितलं म्हनून तिची रोजी जानार?" यशोदाबाईंनी हौसेरावांना विचारलं.

"तुम्ही सांगितलं म्हणूनच असं नाही. पण निरीक्षकाने तुमचंच लिहून घेतलंय. बाकी सगळे कागद आमच्या बाजूने बोलतात, तुम्ही एकट्या उलट बोलता."

"वाचून दाखव," त्या म्हणाल्या.

हौसेरावांनी तिथेच लिहिलं आणि वाचून दाखवलं. यशोदाबाईंनी मान हलवली.

"एक रायलं. मी त्याला जेवायला बोलावलं व्हतं, तो जेवला नाय. ते लिव."

"त्याची गरज नाही."

"गरज हाय. माज्या दारातून हलदीच्या दिवशी मानूस उपाशी गेला, आनि वर मीच खोटी? लिव, नायतर सही नाय."

तीस वर्षांत कुठल्याही उत्तरात हौसेरावांनी असं वाक्य घातलं नव्हतं. त्यांनी ते घातलं: 'सदर अधिकाऱ्यांस जेवणाचा आग्रह करण्यात आला होता, तो त्यांनी स्वीकारला नाही.' मग यशोदाबाईंनी मोठ्या, सावकाश अक्षरांत सही केली.

सोमवारी उत्तर अपलोड झालं, मुदतीच्या एक दिवस आधी. अकरा जोडपत्रं, अकरावी लग्नपत्रिका. शेवटी फेरपाहणीची विनंती.

फेरपाहणी गुरुवारी दुपारी झाली. निरीक्षक तोच होता, सडपातळ, घामाघूम, हातात फाईल. पाटी जागेवर होती, सर्टिफिकेट भिंतीवर होतं. दाखवण्यापुरत्या का होईना, सहाही मशिनी चालू होत्या. त्याने फोटो काढले, नंबर ताडून पाहिला, थप्प्या पाहिल्या. मग बाहेर येऊन त्याने आवाज चढवून विचारलं:

"या जागेत काय चालतं? मालक कोण?"

समोरच्या ओट्यावर पुतळाबाई होत्या, पानवाला होता, दोन सुना होत्या. सगळ्यांना पाठ असलेलं उत्तर सगळ्यांच्या ओठांवर होतं, आणि सगळे यशोदाबाईंकडे बघत होते.

यशोदाबाई उठल्या.

"मालक मी. देवजीची बायको. खाली हिचा कारखाना हाय, हातमोज्यांचा, सात वर्सं. त्या दिवशी मी तुमाला चुकीचं सांगितलं. हलद होती, मानसं जेवायची व्हती, नि फाईल बघितली का माजं डोकं बंद होतं." मग ओट्याकडे वळून त्या म्हणाल्या, "काय गं पुतळा, हाय ना कारखाना?"

पुतळाबाईंनी फाईलकडे बघितलं, यशोदाबाईंकडे बघितलं. "हाय," त्या म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात. मग पानवालाही म्हणाला, हाय.

निरीक्षकाने दोघांचीही नावं लिहून घेतली. पुतळाबाईंचा चेहरा पडला, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

जाताना तो हौसेरावांना बाजूला घेऊन म्हणाला, "ते जेवणाचं वाक्य साहेबांनी दोनदा वाचलं. मला विचारलं, खरंच बोलावलं होतं का?"

"मग?"

"म्हटलं, हो. तीनदा."

पुढचा बुधवार उजाडला तरी काही नाही. महिना संपायला दोन दिवस उरले होते. निशिगंधा दर तासाला पोर्टल उघडून बघत होती आणि विमलबाई दर तासाला निशिगंधाकडे. साडेतीनला हौसेरावांचा फोन आला.

"कारवाई मागे घेतल्याचा आदेश निघालाय. स्थगिती उठली. नंबर बघा."

तिने बघितला. ॲक्टिव्ह.

कंपनीवाल्याला तिने स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, 'पाठवा'. तिने संगणक उघडून इनव्हॉइस केलं, नंबर दोनदा तपासला. बाहेर टेम्पो लागला. बायका थप्प्या उचलू लागल्या आणि विमलबाई सगळ्यात मोठा गठ्ठा घेऊन पुढे निघाली.

"उद्या येऊ ना ताई?" जाता जाता तिने विचारलं.

"आठला," निशिगंधा म्हणाली. "उशीर नको."