शेवटचा धवला आणि एक ठिपका

पाचवा धवला चालू असताना हेमालीला कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो ठिपका दिसला. केसरआजीच्या डाव्या गालाशेजारी, काळोखात, मोहरीएवढा, पांढरा आणि कडेनं लालसर. आधी तिला वाटलं, समईची ठिणगी उडाली असेल. मग वाटलं, आजीची नथ चमकत असेल. पण आजी गाता गाता डोलत होती, नथ तिच्याबरोबर डोलत होती, आणि ठिपका आपला जागच्या जागी. हेमालीनं कॅमेरा केसभर उजवीकडे फिरवला. आजी सरकली, समई सरकली, ठिपका पडद्यावर होता तिथंच राहिला.

मेल्या, आजच तडफडायचं होतं तुला!

आज का, तेही सांगायला हवं. केसरआजी म्हणजे अलिबागकडच्या खारेपाटातली धवलारीण. लग्नात मांडवापासून पाठवणीपर्यंतचे धवले गाणारी बाई. पंचक्रोशीतल्या तीन पिढ्यांच्या पोरी हिच्या गाण्यावर सासरी गेल्या. तिच्या मागे ते सगळे धवले येणारं कुणी उरलं नव्हतं. आणि परवा गुरुवारी मुंबईला तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ काढतील, आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले होते. तिचा मुलगा विनेश, ट्रकांच्या धंद्यातला कडक माणूस, आधी चित्रीकरण नकोच म्हणत होता. हेमालीनं अलिबागहून चार खेपा मारल्या तेव्हा कुठं त्यानं एक दुपार दिली. सात धवले. त्यातला सातवा पाठवणीचा, तो केसरआजीशिवाय कुणालाच येत नव्हता.

आजीचा हट्ट होता, माजघरातच बसणार, समईपुढं. दारं बंद. आवाजात घरघर यायला नको म्हणून आवाज टिपणाऱ्या प्रणयनं पंखा बंद केला, आणि माईकमध्ये गुणगुण येते म्हणून सगळ्यांचे मोबाईल बाहेर ओटीवर काढून ठेवले. आत घामाच्या धारा. माणसं तापली तसा कॅमेराही तापला, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

कॅमेऱ्याच्या आत चित्र टिपणारे करोडो बारीक कण असतात. त्यातला एखादा तापला की उजेड नसतानाही पेटल्यासारखा दिसतो. उन्हातल्या चित्रात कुणाच्या लक्षातही येत नाही, पण काळोखात टिपायला कॅमेऱ्याची नजर वाढवली की तो लगेच डोळ्यांत खुपतो. उपाय सोपा असतो. भिंगाला झाकण लावायचं, मेनूतली दुरुस्ती चालवायची. कॅमेरा पूर्ण अंधार बघतो, कुठला कण चुकून पेटलाय ते टिपून ठेवतो, आणि पुढं त्याची जागा शेजारच्या कणांवरून भरून काढतो. हेमालीनं सकाळीच ते केलं होतं. पण कुठं? गाडीत, एसीच्या थंडगार हवेत! थंड कॅमेऱ्यात तो कण गरीब गाईसारखा गप्प बसला होता. गरम झाल्यावर करायची गोष्ट बयेनं गार असताना केली.

सहावा धवला संपला. आजीनं कोमट पाण्याचा पेला उचलला. प्रणयनं एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि हळूच म्हणाला, "जाऊ दे गं. घरी जाऊन काढू. शेजारचा काळोख त्याच्यावर चिकटवला की झालं, दोन मिनिटांचं काम."

त्याचं खरं होतं, आणि ते हेमालीलाही ठाऊक होतं. पण मागच्या महिन्यात रात्रीच्या एका लग्नात हाच ठिपका नवरीच्या कपाळावर राहून गेला होता. "व्हिडिओवालीनं काजवा फुकट दिला," म्हणून अख्खं वऱ्हाड खिदळलं होतं. ते हसू अजून तिच्या कानात होतं. शेवटचा धवला, आणि त्यावर डाग? नाही म्हणजे नाही.

"आजी, जरा थांब हां. दोन मिनिटं," ती म्हणाली.

आजीनं मान हलवली. हेमालीनं झाकण लावलं, मेनू उघडला, दुरुस्तीवर बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं आली: काम चालू आहे, कॅमेरा बंद करू नका. खाली एक पट्टी गोगलगाईच्या चालीनं सरकू लागली.

आजी खोकली. एकदा. मग पुन्हा. दारापाशी उभा असलेला विनेश पुढं झाला. "बस झाला, आये. डॉक्टर काय बोलले?"

"गप र्‍हा." आजीनं गळ्यावर हात ठेवला, आत काहीतरी चाचपून पाहिल्यासारखा. तिचा चेहरा एकदम बदलला. "गला धरतंय माजा. आता गातंय, बंद व्हायचे आदी."

"आजी, थांब, माझा कॅमेरा..."

पण आजीचे डोळे मिटले होते, आणि पाठवणीचा धवला सुरू झाला होता.

आवाज आधीच्या सहांपेक्षा बारीक, पण काय सांगावं, आतडं पिळवटून काढणारा. प्रणयनं अंगठा वर केला. त्याचं यंत्र वेगळं, ते चालूच होतं. हेमालीपुढं मात्र झाकण लावलेला कॅमेरा आणि अर्ध्यावर आलेली पट्टी. बंद करावा? मध्येच बंद केला आणि कायमचाच बसला तर? तिचा हात बटणापाशी गेला आणि परत आला. मोबाईल ओटीवर. दार उघडलं तर कडी वाजणार, उजेड येणार, आजी थांबणार. समईच्या उजेडात आजीच्या गालावरून पाणी ओघळत होतं. अशी आजी कुणी कधी पाहिली नव्हती, आणि हेमालीनं ती नुसत्या डोळ्यांनी पाहिली. सरक ना गं बाई, सरक, ती पट्टीच्या पाया पडत होती.

पट्टी भरली. कॅमेरा बंद होऊन परत चालू झाला. तिनं झाकण ओढलं, बटण दाबलं. चित्र कसं स्वच्छ! ठिपक्याचा मागमूस नाही. आणि त्या स्वच्छ चित्रात केसरआजी पाण्याचा पेला खाली ठेवत होती.

"संपला," आजी म्हणाली. आवाज घोगरा झाला होता.

हेमालीनं तिचे पायच धरले. "आजी, एकदा. फक्त एकदा परत."

आजीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. "येडी काय गो तू? सासरी वाटं लावलेली पोरी परत घरान आनून पुन्हा वाटं लावतान काय?"

विनेशनं दार उघडलं. प्रकरण संपलं.

त्या रात्री पाचव्या आणि सहाव्या धवल्यातला ठिपका प्रणयनं काढला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हेमाली शेजारी बसून होती.

महिन्याभरानं ती सगळं घेऊन केसरआजीकडे गेली. आजीच्या गळ्याला पांढरी पट्टी होती. विनेशनं टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला, सुना, नातवंडं, शेजारणी जमल्या. सहा धवले आजीनं स्वतःकडे टक लावून पाहिले. नथ डोलली की तीही खुशीत मान डोलवायची. मग सातवा लागला. पडदा काळा झाला आणि काळ्यातून तो आवाज आला. शेजारणींनी पदर डोळ्यांना लावले.

आजीनं टीव्हीकडे बोट केलं. मग स्वतःच्या छातीवर टेकवलं. मग हात उलटा करून हलवला: मी कुठाय?

हेमालीला खोटं बोलता आलं असतं. "आजी," ती म्हणाली, "चित्रात एक ठिपका होता. मी तो काढत बसले होते."

आजी तिच्याकडे बघत राहिली. रागानं की मायेनं, हेमालीला काही कळेना. मग आजीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. सगळी माणसं पुढं वाकली. ओठ हलले, गळ्याची पट्टी हलली, पण तोंडातून नुसता वारा आला. टीव्हीत तिचा धवला अजून चालू होता.