कोपऱ्यांच्या चौसष्ट विटा

लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष होतं आणि पावसानं सलग दुसऱ्यांदा तोंड फिरवलं होतं. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांना अजून धड खुर्च्या नव्हत्या, पण कागद मात्र भराभर निघत होते. असाच एक कागद घेऊन बांधकाम खात्याचे ओव्हरशिअर हणमंतराव उदगीरकडच्या एका गावात उतरले. टंचाईच्या निधीतून जनावरांसाठी पाण्याचा हौद मंजूर झाला होता.

काम आलं पिराजी गवंड्याकडे. हात सोन्याचा, पण नावाला डाग लागलेला. तीन वर्षांमागं शाळेच्या ओट्याला विटा कमी पडल्या, तेव्हा सरपंच व्यंकटराव चार माणसं घेऊन बौद्धवाड्यात पिराजीच्या घरात शिरले आणि चुलीजवळची जमीन उकरून पाहिली. सापडलं काहीच नाही. तरी विटा पिराजीनंच नेल्या, असं गाव अजून म्हणायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

म्हणून पिराजीनं आधी कागद वाचून घेतला. हौद आतून दहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल. भिंत नऊ इंची. विटा पाचशे पंचावन्न. तळाचं काँक्रीट सहा इंच जाड, पंधरा घनफूट.

तो खाली बसला, काडीनं मातीत आकडे मांडले आणि उठून म्हणाला, "ह्यात हौद होत न्हाई. मी हात लावत न्हाई."

व्यंकटराव उखडले. "जनावरं तहानेनं मरायला लागलीत आन तू कागद वाचतोस? सुरू कर. कमी पडलं तर बघू नंतर."

"नंतर बघायला तुम्ही माझ्याच घरी येता," पिराजी म्हणाला.

आजूबाजूला माणसं जमली होती. कुणीतरी मागून म्हणालं, लई माजला गवंडी. पिराजीला ते लागलं. त्याचीही म्हैस घरी कोरड्या तोंडानं उभी होती, हे कुणाला सांगायचं? पण आज मान खाली घातली, तर ती पुन्हा वर येणार नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

हणमंतराव हसले. "मला हिशेब शिकवतोस का रे?"

"न्हाई साहेब. फकस्त दाखवतो." हातच्या काकणाला आरसा कशाला? विटांचा ढीग तिथंच पडला होता. पिराजीनं दहा बाय तीनची सुतळी ताणली आणि सुतळीच्या बाहेरून कागदाप्रमाणे विटांचा एक थर कोरडाच मांडला. बोटभर सांध्याची जागा सोडत दोन भिंती दहा-दहा फुटी, दोन तीन-तीन फुटी. चारी भिंती झाल्या आणि चारी कोपऱ्यांत नऊ इंची चौकोन रिकामे राहिले.

"तुम्ही भिंतीची लांबी आतून धरली," तो म्हणाला. "कोपरे कोण भरणार? एका थराला एका कोपऱ्यात दोन विटा. दोन फुटाला थर आठ. कोपऱ्याला सोळा, चारी मिळून चौसष्ट. म्हंजी विटा सहाशे एकोणीस. तुटफूट धरून साडेसहाशे द्या."

हणमंतराव वाकून पाहू लागले. पिराजी थांबला नाही. "काँक्रीटचं बी तसंच. तुम्ही फकस्त आतल्या तळाचं धरलं. भिंत मग काळ्या मातीवर उभी करू? पाणी झिरपलं की माती फुगंल, भिंत तडकंल. बाहेरून माप साडेअकरा बाय साडेचार. सहा इंची थराला सव्वीस घनफूट लागंल."

हणमंतरावांनी कागदाच्या पाठीवर दोनदा गुणाकार केला. मग घाम पुसत म्हणाले, "बरोबर आहे." आकडे खोडून त्यांनी नवे लिहिले, सही केली.

"मोठ्यानं वाचा साहेब," पिराजी म्हणाला. "समद्यांना ऐकू द्या."

हणमंतरावांनी वाचलं.

चार दिवसांत उरलेला माल आला, हौद उठला. आतून सिमेंटचा गिलावा झाला, तो पक्का होईस्तोवर भिंतींवर पाणी मारलं आणि मग हौदात टँकरचं पाणी पडलं. पहिल्या दिवशी गावची गुरं दोन्ही बाजूंनी माना घालून प्यायली, पिराजीची म्हैसही त्यांतच. थेंब गळला नाही.

पिराजीनं व्यंकटरावांना बोलावलं. बाजूला बावीस अख्ख्या विटा रचल्या होत्या, शेजारी नऊ फुटक्या. "मोजा," तो म्हणाला. व्यंकटरावांनी मोजल्या. हिशेब चोख होता.

"आता घरी चला. तिथलं बी मोजा."

"जाऊ दे रे आता," व्यंकटराव म्हणाले.

"चला."

अख्खं गाव बघत होतं, त्यामुळं जावंच लागलं. घराचं दार सताड उघडं होतं. पिराजीची बायको पंचफुलाबाई उंबऱ्यात उभी होती. सारवलेल्या जमिनीत चुलीजवळचा उकरलेला भाग अजून वेगळा दिसत होता.

व्यंकटराव बाहेरच थबकले आणि वाकून वहाणा काढू लागले.

"ऱ्हाऊ द्या की," पंचफुलाबाई म्हणाली. "मागच्या बारीला कुठं काढल्या होत्या?"