चार डोकी आणि दोन रकाने

कंपनीत मालक धरून आठ माणसं. मालकाला सगळे काका म्हणत, कारण ऑफिस त्यांची सख्खी पुतणी सांभाळायची आणि ती काका म्हणायची, म्हणून बाकीच्यांनीही सुरुवात केली. त्यातला एक इंजिनिअर वयाने काकांपेक्षा मोठा होता. तोही बिनधास्त काका म्हणायचा.

पुतणीकडे चार खाती होती: बिलं, रजा, चहाची साखर आणि पार्टनर पोर्टल. पोर्टल त्या बड्या कंपनीचं, जिची डेटा साठवायची स्टोरेज यंत्रं ही कंपनी विकायची आणि बसवायची. तिने आपल्या विक्रेत्यांच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. खाली सिल्व्हर, वर गोल्ड. गोल्डवर राहायचं तर परीक्षा पास झालेले चार तांत्रिक लोक आणि दोन सेल्सचे लोक दाखवावे लागत. दरवर्षी तपासणी व्हायची आणि यंदाची महिनाअखेरीला होती. त्याच सुमाराला एका मोठ्या हॉस्पिटलचं टेंडर भरायचं होतं आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की भरणारा गोल्ड हवा. ते काम मिळालं तर वर्षाची चिंता मिटली. नाही मिळालं तर आठ माणसांचं दोन खोल्यांचं ऑफिस उरलेल्यांना फारच प्रशस्त वाटायला लागलं असतं.

पण पुतणी निवांत होती. मागच्या वर्षी चौथा इंजिनिअर नोकरी सोडून गेला आणि जाताना स्वतःचं सर्टिफिकेट स्वतःबरोबर घेऊन गेला, कारण ते माणसाचं असतं, कंपनीचं नसतं. तेव्हा काकांनी तोड काढली होती. ऑफिसात एक हुशार इंजिनिअर होता, त्याला परीक्षा द्यायचा छंदच होता. काकांनी त्याला मोकाट सोडला. त्याने वर्षभरात सात सर्टिफिकेटं पटकावली आणि त्याचं नाव पदक पडलं. पदकची सात, उरलेल्या दोघांचं एकेक, एकूण नऊ. लागतात चार. पुतणीने फळ्यावर नऊ हिरव्या खुणा करून खाली ‘बक्कळ’ असं लिहिलं होतं.

महिन्याच्या सुरुवातीला तिने सहज पोर्टल उघडलं. तांत्रिक: तीन. बाजूला लाल त्रिकोण.

तिने बड्या कंपनीच्या पार्टनर मॅनेजर बाईंना फोन लावला. “मॅडम, तुमचं पोर्टल चुकतंय. आमची नऊ आहेत.”

“नऊ सर्टिफिकेटं आहेत,” बाई म्हणाल्या. “माणसं तीन आहेत. आम्ही डोकी मोजतो.”

“पण एकाच डोक्यात सात आहेत.”

“छान आहे की. त्यांना शुभेच्छा सांगा.”

पुतणीला राग यायला हवा होता, पण तिला कुतूहलच वाटलं. तिने आणखी विचारलं. एकच माणूस तांत्रिक आणि सेल्स अशा दोन्ही रकान्यांत धरता येतो का? नाही, एक डोकं, एक रकाना. दुसऱ्या कंपनीतल्या मित्राचं सर्टिफिकेट चार दिवस उसनं चालेल का? नाही, माणूस पगारावर हवा आणि एका वेळी एकाच कंपनीला जोडलेला हवा. मग आत्ता सेल्समध्ये आमचं कोण दिसतं? “तुम्ही आणि तुमच्या सेल्सच्या ताई,” बाई म्हणाल्या. आपण सेल्सवाल्या आहोत हे पुतणीला तेव्हा आठवलं. मागे एका दुपारी कंटाळा आला म्हणून तिने सेल्सचा ऑनलाइन कोर्स केला होता.

काकांनी हे ऐकलं आणि शर्टाच्या बाह्या सरसावल्या. “चौथं डोकं समोर बसलंय की! ही कंपनी काढली तेव्हा केबल मी ओढल्यात. पदक तेव्हा शाळेत होता.”

“बालवाडीत,” पदकने दुरुस्ती केली.

काकांनी मनापासून अभ्यास केला. परीक्षा ऑनलाइन होती आणि कॅमेऱ्यातून पहारेकरी बघत बसायचा. टेबल रिकामं हवं, खोलीत दुसरं कोणी नको आणि तोंडातून शब्द नको. काकांनी कॅमेरा फिरवून खोलीच्या चारी भिंती दाखवल्या, टेबलाखाली दाखवलं, परीक्षा सुरू झाली.

काकांची अडचण अशी की ते मोठ्याने विचार करत. पहिला प्रश्न त्यांनी खणखणीत वाचला. पडद्यावर सूचना आली: कृपया बोलू नका. काकांनी तीही मोठ्याने वाचली. दुसरी सूचना आली. तेव्हा काकांनी पहारेकऱ्याला समजावलं, “अहो, मी तुमच्याशी बोलत नाहीये, मी डिस्कशी बोलतोय.” परीक्षा बंद झाली. पुन्हा बसायचं तर ठरावीक दिवस थांबायला हवं होतं आणि तेवढे दिवस तपासणीच्या पलीकडे जात होते.

काका बाहेर आले ते एकदम लहान दिसत होते. “मला येत होतं गं सगळं,” ते पुतणीला म्हणाले.

“माहितीये. अख्ख्या ऑफिसला ऐकू येत होतं.”

त्या संध्याकाळी पुतणी फळ्यासमोर उभी राहिली. खुणा पुसून तिने दोन रकाने पाडले आणि त्यात माणसं मांडली. मग तिला एक साधा प्रश्न पडला, जो इतके दिवस कोणीच विचारला नव्हता. ती वळली. “ताई, तुम्ही इथं यायच्या आधी काय करायचात?”

सेल्सच्या ताई डबा पिशवीत भरत होत्या. “तेच. स्टोरेज बसवायचे.”

“म्हणजे इंजिनिअर?”

“हो.”

“याच कंपनीची परीक्षा पास?”

“अजून वर्षभर चालेल ते सर्टिफिकेट. का गं?”

 पदकने चष्मा काढून पुन्हा लावला. “इतकी वर्षं सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर सुट्टीच्या दिवशी डिस्क बदलायला मला पाठवलं असतंत,” ताई म्हणाल्या. हे इतकं खरं होतं की कोणी वाद घातला नाही.

पण सर्टिफिकेट जुन्या कंपनीला जोडलेलं होतं आणि ताईंचं परीक्षेचं खातं त्या कंपनीच्या ईमेलवर होतं, जो केव्हाच बंद झाला होता. पुतणीने सर्टिफिकेशन विभागाकडे तक्रार नोंदवली, ताईंचं ओळखपत्र जोडलं आणि रोज सकाळी नम्रपणे आठवण करून दिली. शेवटी उत्तर आलं. खातं ताईंच्या स्वतःच्या ईमेलवर आलं, ताईंनी जुनी कंपनी सोडली, नवी जोडली, तांत्रिक रकाना निवडला. तांत्रिक: चार. पुतणीने टाळी वाजवली.

सेल्स: एक.

सगळ्यांनी एकदम काकांकडे पाहिलं.

“नाही,” काका म्हणाले. “मी इंजिनिअर माणूस आहे.”

“काका, सेल्सच्या परीक्षेला पहारेकरी नसतो,” पुतणी हळूच म्हणाली. “कितीही बोला.”

काकांनी सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. मग त्यांनी कोर्स उघडला. ग्राहक म्हणतो किंमत जास्त आहे, तर तुम्ही आधी काय कराल? “फोन ठेवतो!” काका गरजले. तसा पर्याय नव्हता. पहिल्या खेपेला ते नापास झाले, दुसऱ्या खेपेला काठावर पास. पोर्टलला आकडा हलवायला एक दिवस लागला. मग लाल त्रिकोण गेला, तपासणी झाली, गोल्डचं पत्र आलं आणि ते टेंडरला जोडून पाठवलं.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या आयटी प्रमुखांचा फोन आला. तुमचं टेंडर अटींत बसतंय, फक्त बॅकअपबद्दल एक तांत्रिक शंका आहे, कोणाशी बोलू?

काकांनी तोंड उघडलं. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं, हे पुतणीला समोरून दिसत होतं. त्यांनी तोंड मिटलं.

“आमच्या इंजिनिअर बाईंना देतो,” ते म्हणाले. “मी सेल्समध्ये असतो.”

फोन ताईंकडे गेला. काकांनी खुर्ची ओढली आणि ताई काय सांगतायत ते ऐकायला शेजारी जाऊन बसले.