दोघींचा फोटो

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या आतल्या गल्लीत नंदिताचं छोटंसं कॅफे होतं. जाहिरातीला पैसे नव्हते, म्हणून गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो ती त्यांना विचारून कॅफेच्या इन्स्टाग्रामवर टाकायची. 'खरी माणसं दिसली की नवी माणसं विश्वासानं येतात,' असं ती म्हणायची.

जननीनं ऑफिसातली मैत्रीण ऊर्मी हिच्यासोबत कॅफेत काढलेला फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर टाकला, तेव्हा नंदितानं दोघींनाही मेसेज केला. फोटो जननीनं काढलेला, पण चेहरा ऊर्मीचाही होता. 'आमच्या पानावर टाकू का? नावं देऊ, काटछाट करणार नाही.'

ऊर्मीला कोड होतं. ओठांभोवती, डोळ्यांखाली पांढरे डाग. फोटोत ती सहसा येतच नसे. तिनं तासभर विचार केला आणि लिहिलं, 'टाका, अक्का.'

संध्याकाळपर्यंत फोटोखाली शेरे जमले. 'छान हसू' असं दोघातिघांनी लिहिलं. मग एकानं विचारलं, 'इथले कप नीट धुतात ना?' त्यावर हसणारे चेहरे आले. ऊर्मीनं स्वतः उत्तर दिलं, 'कोड लागत नाही. या, कॉफी पाजते.' फोन ठेवताना तिला बरं वाटत होतं.

सकाळी फोटो नव्हता.

ऑफिसला जाताना ती कॅफेत शिरली. तिच्या आणि नंदिताच्याही घरी जुनी तंजावरी मराठी, त्यामुळे नंदिता तिच्याशी नेहमी मराठीतच बोलायची.

"तुझ्यासाठीच काढला गं," नंदिता म्हणाली. "लोक वाईट बोलत होते."

"मग त्यांचं बोलणं काढायचं, अक्का. त्यांना ब्लॉक करायचं. मला का काढलंत?"

"कपांचं विचारतात, ऊर्मी. माझं दुकान आहे."

"टाकायला विचारलंत. काढताना नाही विचारलंत."

नंदिता मशीन पुसत राहिली. "आतलं टेबल रिकामं आहे, तिथे बस. आज पार्सलवाल्यांची गर्दी आहे." दारापाशी एकही माणूस नव्हता.

दुपारी फोटो परत आला. तेच टेबल, तेच दोन कप, आणि एकटी जननी. कडेला ऊर्मीची दोन बोटं तेवढी राहिली होती. खाली लिहिलं होतं: 'जननीच्या परवानगीने.'

ऑफिसात जननी शेजारच्याच खुर्चीवर काम करत होती. ऊर्मीनं फोन तिच्यापुढे धरला.

"तुला विचारलं त्यांनी?"

"हो." जननीनं स्क्रीनवरून नजर काढली नाही. "कापू का म्हणाल्या. मी हो म्हटलं."

"मला का नाही विचारलं?"

"तू आता त्यात नाहीसच ना. तुला कशाला विचारतील?" मग जरा मऊपणे ती म्हणाली, "आणि खरं सांगू? माझाही चेहरा होता त्यात. मलाही लोक विचारायला लागले होते."

जननी जेवायला गेली. आज तिनं 'चल' म्हटलं नाही. ऊर्मीनं फोटो पुन्हा उघडला. एका अनोळखी बाईनं खाली लिहिलं होतं, 'विचारून फोटो टाकतात, किती भरवशाची जागा! रविवारी येते.'

त्यावर नंदितानं लाल बदाम दिला होता. जननीनंही.