ग्लेनिसचा भोंगा

नायरीची जुळी बहीण हुइया पर्थहून सात वर्षांनी येणार होती, तीही फक्त एका आठवड्यासाठी. त्या आठवड्यात दोघींना दक्षिणेकडची तीन रात्रींची डोंगरवाट चालायची होती. वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपड्यांचं बुकिंग गुरुवारी साडेनऊला उघडणार होतं. साडेनऊच्या आधी संकेतस्थळावर जो हजर असेल त्याचा रांगेतला क्रमांक सोडतीने ठरणार आणि उशिरा येणारा थेट रांगेच्या शेपटाला लागणार. गेल्या वर्षी दुपारपर्यंत एकही खाट उरली नव्हती.

मी तिमारू गावातल्या एका लाकडाच्या वखारीचे संगणक सांभाळतो; नायरी तिथेच मालाचा हिशेब ठेवते. सोमवारी नायरीने मला हाक मारली.

"हे बघ, रिमाइंडर वाजतच नाही. शुक्रवारी दातांच्या डॉक्टरची वेळ चुकली."

मी दोन मिनिटांनंतरचा एक रिमाइंडर लावला. मेल समोर उघडा होता आणि खिडकी बरोबर आली.

"आता मेल खालच्या पट्टीत घेऊन बघ," ती म्हणाली.

मेल खाली घेऊन तिचा मोजणीचा तक्ता पूर्ण पडद्यावर लावला, तेव्हा मात्र खिडकी तक्त्याच्या मागे उघडली. आवाजही नाही, कारण स्पीकर बंद होता. मेलच्या सेटिंगमध्ये 'रिमाइंडर इतर खिडक्यांच्या वर दाखवा' ही खूण केली, स्पीकर चालू केला आणि पुन्हा पाहिलं. टण्ण! खिडकी थेट तिच्या नाकासमोर.

"आता हा वाजेल. पण मेल पूर्ण बंद केलास तर नाही. चालू नसलेला मेल आठवण कुठून करून देणार? फोनवर कॅलेंडर घेतेस का?"

"ऑफिसचं कॅलेंडर माझ्या फोनवर? मुळीच नाही. मी मेल बंदच करणार नाही, झालं!"

मग तिने सव्वानऊचा रिमाइंडर लावला, आणि चेष्टा म्हणून त्याचं आमंत्रण ग्लेनिसलाही पाठवलं. ग्लेनिस अंगणात फोर्कलिफ्ट, म्हणजे लाकूड उचलायची गाडी, चालवते. तिला टेबल नाही, संगणक नाही. कंपनीचा फोन तेवढा खिशात असतो.

"डोंगर?" ग्लेनिस ओरडली. "मी चालत नाही गं, मी चालवते!"

गुरुवारी मालाची मोजणी होती. जुने संगणक धापा टाकत होते. व्यवस्थापक वॉरविकने फर्मान सोडलं, "मोजणी होईपर्यंत सगळ्यांनी मेल बंद!" नायरीने मान हलवली, मेल नुसता खाली घेतला आणि मोजणीचे कागद आणायला गेली. तेवढ्यात वॉरविक टेबलांवरून फिरला आणि त्याने उरलेसुरले मेल स्वतः बंद केले. नायरी परतली. खालच्या पट्टीवर मेलचं चिन्ह जागच्या जागी होतं. ते मेल बंद असतानाही तिथेच असतं. ती निर्धास्तपणे आकडे भरायला बसली.

सव्वानऊ वाजून गेले. मी मागच्या खोलीत होतो. अचानक अंगणात फोर्कलिफ्टचा भोंगा सुरू झाला. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

"आग लागली का?" वॉरविक धावला, त्याच्यामागे मी.

ग्लेनिसने फोर्कलिफ्ट आमच्या काचेला नाक लावून उभी केली होती. एका हाताने भोंगा, दुसऱ्या हातात फोन उंच धरलेला.

"नायरे! तुझं डोंगराचं माझ्या खिशात वाजलं! मला वाटलं तू बसलीच असशील. आता बघते तर ही बया आकडे भरतेय!"

नायरीने घड्याळ पाहिलं. नऊ अठ्ठावीस.

"पण माझा वाजलाच नाही!"

"मेल बंद आहे तुझा," पट्टीवरच्या चिन्हाखालची रेघ गेलेली बघून मी म्हणालो.

"मी नाही केला!"

सगळ्यांच्या नजरा वॉरविककडे वळल्या. तो कानापर्यंत लाल झाला. "संगणक हळू चालला होता ना... अगं, बघत काय बसलीस? उघड ते पान! मोजणी राहू दे!"

नायरीने तक्ता बाजूला सारला. पान उघडलं, भरलं, आणि साडेनऊला जेमतेम अर्धं मिनिट उरलं असताना ती आत होती. सोडत निघाली. क्रमांक चारशे बारा. आम्ही सगळे तिच्या खुर्चीमागे गोळा झालो. कोणाच्या तरी हातातला चीज स्कोन अर्धाच खाऊन राहिला. आकडा उतरत गेला. शंभर. चाळीस. बुकिंगचं पान उघडलं.

"आहेत! हुइयाच्या आठवड्यात तिन्ही रात्री आहेत!"

पडद्यावर विचारलं होतं, माणसं किती. नायरीने दोन लिहिलं आणि थांबली.

"ग्लेनिस, तू ते आमंत्रण नाकारलं का नव्हतंस?"

ग्लेनिस दारात हेल्मेट काढून उभी होती. "आज सकाळी स्वीकारलं," ती पुटपुटली. "बघितलंच नाहीस तू. तुझा मेल बंद होता ना!"

वॉरविक खो खो हसला. नायरीने दोन खोडून तीन केलं आणि बटण दाबलं.