तीनशे बत्तीस

लोह्याच्या त्या ज्युनियर कॉलेजात रजिया मॅडम नऊ वर्षं तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होत्या. फेब्रुवारीत बारावीची प्रॅक्टिकल आली. दुपारच्या तुकडीत वीस पोरंपोरी होती, आणि बाहेरचे परीक्षक म्हणून लातूरहून मलप्पा सर आले होते.

प्रयोग अनुनाद नळीचा. पाण्याची पातळी खाली-वर करून नळीतला हवेचा स्तंभ लहान-मोठा करायचा, तोंडावर सेकंदाला पाचशे बारा कंपनांचा ट्यूनिंग फोर्क वाजवून धरायचा आणि आवाज एकदम घुमला की लांबी मोजायची. तिच्यावरून हवेतल्या आवाजाचा वेग काढायचा.

पहिल्यांदा घुमतं ते सोळा सेंटिमीटरच्या आसपास. दुसऱ्यांदा घुमायला पाणी पन्नासापर्यंत उतरवावं लागतं. प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "एकाच लांबीचं घ्या. चारनं गुणून वेग काढला की उत्तर पुस्तकातल्या तीनशे बत्तीसच्या जवळ येतं. परीक्षक खूश, पोरं पास." रजिया मॅडमना यातली खोट ठाऊक होती. तरी त्या गप्प बसल्या होत्या.

एकोणीस जणांनी तसंच केलं, आणि जे थोडं कमी पडलं ते शेवटच्या ओळीत सारखं करून घेतलं. दीपमालाने केलं नाही. बिलोलीकडच्या खेड्यातली ही पोरगी मामाकडे राहून शिकत होती. तिला पुढे नांदेडला फिजिक्सच घ्यायचं होतं. तिने पाणी खाली उतरवलं, कान लावला आणि दुसरी लांबीही लिहिली. सोळा पूर्णांक एक, आणि पन्नास पूर्णांक दोन. वजाबाकी चौतीस पूर्णांक एक. तिची दुप्पट करून पाचशे बारानं गुणलं, की वेग सेकंदाला तीनशे एकोणपन्नास मीटर.

मलप्पा सरांनी तिच्या उत्तराला लाल गोल केला.

"सर, तिचं बरोबर आहे," रजिया मॅडम म्हणाल्या.

"पुस्तकात तीनशे बत्तीस हाय, मॅडम."

"ते शून्य अंशाचं. आज खोलीत तीस अंश आहे. तीसला साडेतीनशेच्या जवळच यायला पाहिजे." त्यांनी नळीच्या तोंडावर बोट ठेवलं. "हवा इथं काठाशी थांबत नाही, सर. काठाच्या वरही जरा हलते, जवळजवळ एक सेंटिमीटर. आपण मोजतो ती लांबी तेवढी कमी भरते. एकाच लांबीला चारनं गुणलं की ती चूकही चौपट होते. पण दोन्ही लांब्यांत ती सारखीच असते. एकीतून दुसरी वजा केली की ती जाते, आणि उरते ती नेमकी अर्धी लांबी तरंगाची."

मलप्पा सरांनी पेनचं टोपण लावलं.

"मला समजतंय ते," ते हळू आवाजात म्हणाले. "वीस वर्षं शिकवायलोय. पण एकाच नळीवर, एकाच दुपारी, एकोणीस जणांचं तीनशे बत्तीस आणि एकीचं तीनशे एकोणपन्नास. कुणी हे बघितलं तर काय विचारील? हिचं बरोबर धरलं तर त्या सगळ्यांचं काय करू? तुमच्या कॉलेजचं नाव जाईल, मॅडम. आणि तुमचे तास."

मग त्यांनी एक कोरी उत्तरपत्रिका पुढे सरकवली. "पोरीचं नुकसान मी करणार न्हाई. पहिलीच लांबी ठेवून पुन्हा लिहायला सांगा. तीसपैकी तीस देतो."

रजिया मॅडमनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथे ती एकोणीस पोरं निंबाखाली हसत उभी होती. फळ्यावर दोन लांब्या शिकवल्या होत्या, पण प्रयोगात त्यांच्यातल्या एकालाही त्यांनी दुसऱ्या लांबीपर्यंत नेलं नव्हतं. आता खरं बोलायचं तर स्वतःपासूनच सुरुवात करावी लागणार होती. कोरी पत्रिका घेऊन त्या दीपमालाकडे गेल्या.

"फक्त पहिली लांबी घे. चारनं गुण."

दीपमालाने मान वर केली. "मॅडम, माझं दुसरं रीडिंग चुकलं का?"

"नाही."

"मग तुम्हीच शिकवलं होतं ना, दोन घेतले तर ती टोकाची चूक निघून जाती म्हणून?"

रजिया मॅडमनी कोरी पत्रिका तिच्यासमोर ठेवली. "लिही, बाळा. वेळ होत आहे."

पोरीने लिहिलं. एकही आकडा खोटा लिहावा लागला नाही. नुसती एक ओळ गाळावी लागली. उत्तर आलं तीनशे तीस. मलप्पा सरांनी तीस मार्क दिले आणि जुनी पत्रिका फाडून खिशात घातली.

जूनमध्ये रजिया मॅडमचे तास पुन्हा मंजूर झाले. त्याच आठवड्यात बसस्टँडवर दीपमाला भेटली. हातात बी.ए.चा फॉर्म होता.

"फिजिक्स का नाही घेतलंस?"

"समजतंय मला ते, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "पण समजून तरी काय करायचं?"

तिच्या बोलण्यात राग असता, तर रजिया मॅडमना बरं वाटलं असतं. बिलोलीची गाडी लागली. पोरीने वाकून नमस्कार केला आणि ती गर्दीत चढली. आपल्या सांगण्यावरून ज्या हातांनी ती ओळ गाळली, त्या हातांनी आपल्याला नमस्कार करायला नको होता, एवढंच मॅडमना वाटत राहिलं.